गुळणी टाकणारं बाळ

पातळ सुती दुपट्यावर चमचाभर दूध ओतून पाहावं. अवघ्या पाच मिलिलिटरचा डाग तळहाताएवढा सहज पसरतो. तीन चमचे ओतले, तर पाहणाऱ्याला वाटतं, प्यायलेलं सगळंच बाहेर आलं. घरोघरी बाळाच्या गुळणीचा अंदाज या डागावरूनच बांधला जातो आणि बहुतेक वेळा तो खऱ्यापेक्षा मोठा निघतो. मग आजी म्हणते, ‘याच्या पोटात काही ठरतच नाही’, आणि बाळाची आई रडकुंडीला येते.

खरं तर दूध वर येण्यामागे पोट बिघडलेलं असण्याची गरज नसते. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. ते एरवी आवळलेलं असतं, गिळताना उघडतं आणि मधूनमधून आपणहून काही सेकंद सैल पडतं. हे सैल पडणंही मुद्दामच असतं, कारण जठर ताणलं गेलं की आत साठलेली हवा याच वाटेने बाहेर सोडायची असते. मोठ्या माणसाला तेव्हा नुसता ढेकर येतो. बाळाच्या बाबतीत हवेबरोबर दूधही वर येतं. त्याची अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ आणि दिवसाचा बराचसा वेळ आडवं पडून. शिवाय पोटात जाणारं दूध काही थोडं नसतं. या वयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध लागतं. त्याच हिशेबाने साठ किलोच्या माणसाला रोज नऊ लिटर प्यावं लागेल, तेही बहुतांश झोपून. त्यालाही गुळण्या येतीलच!

पिऊन लगेच वर आलेलं दूध जसंच्या तसं असतं. अर्ध्या-पाऊण तासाने आलेल्या दुधात दह्यासारख्या गुठळ्या दिसतात आणि त्याला आंबूस वास येतो. पुष्कळ घरांत या गुठळ्या पाहून ‘आईचं दूध बाधलं’ असा निष्कर्ष निघतो आणि बिचारीचं खाणंपिणं तोडलं जातं. जठरातलं आम्ल आणि पाचकरस मिळाले की दूध फाटणारच. ते फाटलेलं दिसलं, तर पचन सुरू झालं होतं एवढंच समजावं.

आता ढेकर काढण्याबद्दल. बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली की गुळण्या थांबतात, अशी सगळ्यांची खात्री असते. चंडीगडच्या संशोधकांनी ही समजूत तपासून पाहिली. ७१ माता-बालकांच्या जोड्यांपैकी काहींना ढेकर काढण्याची रीत शिकवली, बाकीच्यांना नाही, आणि तीन महिने नोंदी ठेवल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ढेकर काढल्याने पोटदुखीचं रडणं कमी झालं नाही आणि गुळण्या तर उलट वाढल्या. कड्याचं काम लक्षात घेतलं, तर यात फारसं नवल नाही. अर्थात बाळाला खांद्यावर घेण्यात काही वाईट नाही. मात्र ढेकर निघेपर्यंत झोपलेल्या बाळाला थोपटत बसण्याची सक्ती कुणी कुणावर करू नये.

या गुळण्या बहुधा पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतात आणि चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतात. पुढे बाळ बसू लागतं, वरचं घट्ट अन्न खाऊ लागतं, अन्ननलिकाही लांब होते, आणि दहातल्या नऊ बाळांच्या गुळण्या वर्षाच्या आत थांबतात. तोवर त्या साध्या आहेत की नाहीत हे ठरवायला सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे वजनकाटा.

समजा, जन्मतः २.९ किलोचं बाळ आहे. पहिल्या काही दिवसांत त्याचं वजन थोडं उतरलं आणि दोन आठवड्यांत भरून आलं. त्यानंतर दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वाढ धरली, तर तीन महिन्यांचं होताना ते पाच किलोच्या आसपास असायला हवं. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात काटा ५.२ किलो दाखवतो. बाळ दिवसातून सात-आठ वेळा दूध टाकतं, पण टाकून झाल्यावर हसतं, खेळतं, लंगोटही नेहमीसारखे ओले होतात. या बाळाला उपचारांची गरज नाही. गरज आहे ती जास्तीच्या दुपट्यांची.

याच बाळाला काही कारणाने बाटलीने पावडरचं दूध चालू आहे असं धरलं, तर बाटली मात्र तपासावी. दर वेळी १५० मिलिलिटर, दिवसातून सात वेळा, म्हणजे १,०५० मिलिलिटर झालं. त्याची गरज ७८० च्या आसपास आहे. जास्त पाजलं म्हणून बाळ टाकतं आणि टाकलं म्हणून ‘भुकेलं असेल’ समजून पुन्हा पाजलं जातं! अशा वेळी एका वेळचं दूध शंभर-एकशेदहा मिलिलिटरवर आणलं, की गुळण्या बऱ्याचदा कमी होतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र यासाठी तोडू नये. बाळाने तोंड बाजूला केलं, की आग्रह थांबवावा, एवढं पुरे.

बरेच पालक आम्ल कमी करणारं औषध मागतात. रडणाऱ्या १६२ बाळांवर अशाच एका औषधाची चाचणी झाली. २००९ मधल्या त्या अहवालानुसार औषध घेणाऱ्या आणि नुसतं खोटं औषध घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत बरं वाटलेल्या बाळांचं प्रमाण अगदी सारखं, ५४ टक्के, होतं. आम्ल कमी झालं तरी दूध वर यायचं थांबत नाही. ही औषधं अन्ननलिकेला खरोखर इजा झालेल्या मोजक्या बाळांसाठी आहेत. गुळणी घशात जाईल या भीतीने बाळाला पालथं झोपवणं तर सरळ धोक्याचं आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहजी उतरत नाही. पालथं झोपवल्याने झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका मात्र वाढतो.

गुळणी आणि उलटी यांतला फरक घरच्यांना ओळखता यायला हवा. गुळणी ओठांतून ओघळते, त्यासाठी बाळाला जोर लावावा लागत नाही. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ प्रत्येक पिण्यानंतर दूध लांब फेकल्यासारखं ओकू लागलं आणि ओकल्याबरोबर पुन्हा भुकेने तोंड मारू लागलं, तर जठराचा खालचा दरवाजा जाड होऊन बंद पडत असण्याची शक्यता असते. सोनोग्राफीत ते कळतं आणि शस्त्रक्रियेने बरं होतं. वजन न वाढणं, लंगोट कमी ओले होणं, उलटीत रक्त, फुगलेलं पोट, ताप, वर आलेली टाळू, मलूल पडलेलं बाळ, किंवा सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं ओकणं यांपैकी काहीही दिसलं, तर ‘सगळीच बाळं टाकतात’ म्हणून गप्प बसू नये.

हिरवी उलटी मात्र सर्वांत गंभीर. हिरवा रंग पित्ताचा असतो आणि तान्ह्या बाळात तो आतड्याला पीळ पडल्याची खूण असू शकतो. अशा वेळी काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून सकाळची वाट न पाहता, बालशल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय त्याच रात्री गाठावं आणि डाग पडलेलं दुपटं न धुता सोबत न्यावं.