बर आली का?

स्वयंपाकघरातली सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली की तिला धार लावायची वेळ झाली. नवशिका माणूस तेव्हा दगडावर किती वेळ घासायचं, हे विचारतो. वेळ मोजून काहीच कळत नाही. काम झालं की नाही, ते पात्याची दुसरी बाजू सांगते.

एक बाजू झिजत झिजत थेट धारेपर्यंत पोचली की टोकाशी उरलेलं पोलाद फार पातळ होतं. ते दगडाचा दाब सोसत नाही आणि पलीकडे वळतं. ही वळलेली बारीक किनार म्हणजे बर. ती डोळ्यांना क्वचितच दिसते, बोटाला मात्र लागते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धार ओलांडून बाहेर न्यावा. धारेच्या लांबीवरून तो कधीच फिरवू नये, कापेल. दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत सलग खरखर जाणवली, की मगच सुरी उलटायची. मध्ये कुठे गुळगुळीत लागलं तर त्या जागी अजून काम बाकी आहे.

बर येतच नसेल तर बहुतेकदा कोन चुकलेला असतो. भाजीच्या सुरीला दर बाजूला साधारण २० अंश पुरतात. पातं ४० मिलिमीटर रुंद असेल, तर धार दगडाला टेकवून पाठ सुमारे १४ मिलिमीटर उचलायची. कोन बरोबर आहे का, हे पाहायला धारेच्या उतारावर मार्करची शाई लावावी आणि दोन-तीनदा हलकेच घासावं. शाई वरच्या भागातच पुसली गेली आणि धारेशी तशीच राहिली, तर पाठ फार खाली आहे. फक्त अगदी कडेलाच पुसली, तर पाठ फार वर आहे.

हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी कार्बोरंडम दगड सुरुवातीला पुरतो. बोथट धारेसाठी भरड बाजू, नंतर बारीक. दगड पाण्याचा की तेलाचा, ते पहिल्यांदाच ठरवावं, कारण तेल मुरलेला दगड पुढे पाणी नीट घेत नाही.

दोन्ही बाजूंना बर आणून झाली, की ती काढणं हेच नाजूक काम. बर तशीच राहिली तर सुरी पहिल्या दिवशी छान कापते आणि लवकरच बोथट वाटते, कारण कापत असते ती बर, आणि ती दुमडते. म्हणून बारीक दगडावर एकदा ही बाजू, एकदा ती, असं आलटून पालटून घासत दाब कमी करत जायचं. शेवटी जवळजवळ सुरीच्या वजनाइतकाच दाब ठेवायचा.

मग चामडं. जुन्या पट्ट्याची आतली, खरबरीत बाजू लाकडी फळीवर चिकटवली तरी चालते. इथे सुरी उलट ओढायची, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडं कापलं जातं. ओढ संपताना मनगट वर वळू देऊ नये, त्याने धार गोल होते. दर बाजूला आठ-दहा ओढी पुरे, फार जोर नको.

आता वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून पाहावा. एकाच जागी तो अडकत असेल तर तिथे बहुधा बर उरली आहे. चामडं नको, तेवढ्यासाठी बारीक दगडावर परत जावं.