वीसपैकी सतरा आणि ऐंशीपैकी एकसष्ट

एका विद्यार्थ्याला चाचणीत 20 पैकी 17 आणि लेखी परीक्षेत 80 पैकी 61 गुण मिळाले. हे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही, कारण दोन्ही परीक्षांचे एकूण गुण वेगळे आहेत. म्हणून मिळालेल्या गुणांना एकूण गुणांनी भागायचे आणि 100 ने गुणायचे. चाचणीचे 85.0 येतात, लेखीचे 76.25. एकच दशांश ठेवायचा तर दुसरा दशांश अंक पाहायचा. तो 5 किंवा जास्त असेल, तर आधीचा अंक एकने वाढतो, म्हणून 76.3.

खरी गल्लत पुढे होते. 85 आणि 76.25 यांची सरासरी 80.6 येते, पण गुणांची बेरीज 100 पैकी 78, म्हणजे 78.0. सरासरीत छोट्या चाचणीला लेखीइतकेच वजन मिळाले. दोन्हींना समान वजन द्यायचे ठरले असेल तरच सरासरी योग्य. नाहीतर आधी बेरीज, मग भागाकार.

दुसरी चूक दोनदा पूर्णांकन करण्याची. 750 पैकी 446 म्हणजे 59.466…, एका दशांशात 59.5. त्यावरून कोणी पुन्हा 60 केले, तर 60 टक्क्यांची अट पूर्ण झाल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात 60 टक्क्यांसाठी 450 गुण लागतात. चार कमीच आहेत. म्हणून पूर्णांकन शेवटी आणि एकदाच करावे, अट तपासताना मूळ गुणच पाहावेत. एक्सेलमध्ये सूत्र असे:

```
=ROUND(A2/B2*100,1)
```