आशा असेपर्यंत शृंगार

कालिदासाने दोन विरही पुरुष रंगवले आहेत. 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गातला अज राजा इंदुमतीच्या निष्प्राण देहापाशी विलाप करतो. 'मेघदूता'तला यक्ष रामगिरीवर, म्हणजे परंपरेने आपल्या रामटेकला, कुबेराचा शाप भोगत पत्नीसाठी झुरतो. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आहे, दोघांनाही प्रियेचा एकेक अवयव आणि एकेक लकब आठवते. तरीही संस्कृत साहित्यशास्त्र अजाचा विलाप करुण रसात घालते आणि यक्षाची तळमळ शृंगारात.

या निवाड्याचे मूळ भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त, सहाव्या अध्यायात आहे. शृंगाराचा स्थायीभाव रती, आणि त्याची दोन अधिष्ठाने: संभोग आणि विप्रलंभ. संभोग म्हणजे इथे प्रेमिकांचे एकत्र असणे, त्यात ऋतू, माळा, उद्यान, नुसती नजरसुद्धा येते. विप्रलंभ म्हणजे वियोग. त्यात भरत चिंता, ग्लानी, व्याधी, उन्माद हे सगळे दुःखाचे भाव घालतो आणि लगेच स्वतःच शंका काढतो: रतीतून निघालेल्या रसात हे करुणातले भाव कसे? त्याचे उत्तर असे की करुण निरपेक्ष असतो आणि विप्रलंभ सापेक्ष. करुणात पुन्हा भेटीची अपेक्षाच संपलेली असते, तर विप्रलंभात औत्सुक्य आणि चिंता जिवंत असतात. अश्रू दोन्हीकडे सारखेच, म्हणून अश्रूंवरून रस ठरत नाही.

यक्षाचा शाप एका वर्षाचा आहे. आठ महिने सरलेत, चार उरलेत, आणि विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा, म्हणजे कार्तिकात, तो सुटेल. कालिदासाने ही मुदत काव्यात मुद्दाम सांगितली आहे, कारण ती काढून घेतली तर मेघाला निरोप देण्यालाच अर्थ राहत नाही. अजाला अशी मुदत नाही. दशरथ लहान आहे म्हणून तो आठ वर्षे कशीबशी काढतो आणि मग देह ठेवतो.

बाणाच्या 'कादंबरी'त ही सीमारेषा एका प्रसंगाच्या मधोमध ओलांडली जाते. पुंडरीक महाश्वेतेच्या ओढीने झुरून अच्छोद सरोवराकाठी प्राण सोडतो. ती पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. ती चितेत शिरायला निघते, तोच चंद्रबिंबातून एक तेजस्वी पुरुष उतरतो, पुंडरीकाचा देह उचलतो आणि तिला सांगतो की प्राण सोडू नकोस, तुझी याच्याशी पुन्हा भेट होईल. 'दशरूपका'चा टीकाकार धनिक इथे बोट ठेवून सांगतो: या वाणीआधी करुण, नंतर शृंगार. प्रियकर मेलेलाच आहे, शोक करणारी तीच आहे, फक्त एक वचन मिळाले आणि रस बदलला. विश्वनाथानेही 'साहित्यदर्पणा'त हे मत नोंदवले आणि अशा वियोगाला 'करुणविप्रलंभ' हे वेगळे नाव दिले.

मग मीलनाचे काय? इथे अभिनवगुप्ताचे म्हणणे मला सर्वांत मोलाचे वाटते. संभोग आणि विप्रलंभ ही शृंगाराची दोन निराळी वाणे नव्हेत, असे तो 'अभिनवभारती'त बजावतो. या एकाच रतीच्या दोन अवस्था आहेत आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. मीलनात वियोगाची धास्ती असते, वियोगात मीलनाची आस.

याचा पडताळा विदर्भातल्या पद्मपुरच्या भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त घेता येतो. पहिल्या अंकात राम-सीता वनवासाची चित्रे पाहतात. सीताहरणानंतरच्या दिवसांची चित्रे समोर येताच जुनी जखम उघडी पडते. थकलेली सीता रामाच्या बाहूवर झोपते. संभोगशृंगाराचे इतके तृप्त दृश्य संस्कृत नाटकात विरळाच, पण त्याच क्षणी लोकापवादाची बातमी घेऊन दुर्मुख दाराशी आलेला असतो. तिसऱ्या अंकात बारा वर्षे लोटली आहेत. पंचवटीच्या परिसरात आलेला राम सीता मेली असे धरून मूर्च्छित पडतो, आणि वरामुळे अदृश्य असलेली सीता त्याला स्पर्श करून शुद्धीवर आणते.

भवभूतीने याच अंकात करुण हाच एकमेव रस असल्याचे म्हटले आहे. रामापुरते ते खरे आहे, कारण त्याची अपेक्षा संपली आहे. पण प्रेक्षकाला सीता समोर दिसते आहे. भरताची कसोटी लावली तर एकाच दृश्यात रामाच्या मनी करुण आणि आपल्या मनी विप्रलंभ असतो, असे माझे मत आहे. वाल्मीकिरामायणात सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने सातव्या अंकात तिला रामाकडे परत आणले, आणि तिसऱ्या अंकात प्रेक्षकाला आशा लावल्यावर या नाटकाचा दुसरा शेवट त्याला करताच आला नसता.