थर चढला की ओढ उतरते

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे मे महिना सरता सरता कोकणातल्या खाड्यांमध्ये नौका वर काढण्याची एकच घाई उडते. जिथे स्लिपवे आहे तिथे हे काम विंच करतो. पाण्यात उतरत गेलेले रूळ, त्यावर चाकांचा गाडा, गाड्यावर भरतीच्या पाण्यात अलगद आणून बसवलेली नौका, आणि वर काँक्रीटच्या चौथऱ्यावर मोटर, गिअरबॉक्स आणि ड्रम. बटण दाबलं की दोर ड्रमवर गुंडाळू लागतो आणि नौका इंचाइंचाने वर सरकते.

या विंचच्या नेमप्लेटवर साधारण एवढंच लिहिलेलं असतं: ओढ अमुक टन, वेग अमुक मीटर दर मिनिटाला. ही ओढ आणि हा वेग ड्रमवर दोर किती असताना, हे मात्र पुष्कळदा लिहिलेलं नसतं. आणि खरा प्रश्न तोच आहे, कारण दोर जसा थरावर थर चढत जातो तसे दोन्ही आकडे बदलतात, आणि बदलतात ते एकमेकांच्या उलट दिशेने.

पतंगाची फिरकी हातात धरलेल्याला हे ठाऊक असतं. रिकाम्या फिरकीच्या एका फेऱ्यात थोडाच मांजा येतो, भरलेल्या फिरकीच्या एका फेऱ्यात भराभर येतो. ड्रमचंही तसंच. मोटर तीच, फेरेही तेवढेच, पण वरच्या थराचा घेर मोठा, म्हणून दोर जास्त वेगाने आत येतो. आता दुसरी बाजू. दोराची ओढ ड्रमला उलटं फिरवू पाहते, आणि ही उलटं फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, ओढ आणि ड्रमच्या मध्यापासून दोरापर्यंतचं अंतर यांच्या गुणाकाराइतकी असते. थर चढला की हे अंतर वाढतं. म्हणजे नौका तेवढ्याच वजनाची असली तरी मोटरला ती जड लागू लागते.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. नौका 30 टनांची आणि गाडा 5 टनांचा, मिळून 35 टन. उतार पंधरास एक. म्हणजे वजनाचा पंधरावा हिस्सा, सुमारे 2.3 टन, उतारामुळे दोरावर येतो. गाड्याच्या चाकांचं घर्षण वजनाच्या तीन टक्के धरलं तर आणखी सुमारे एक टन. हिशेबाला सोपं जावं म्हणून एकूण ओढ साडेतीन टन धरू. दोर 20 मिलिमीटरचा, ड्रम 400 मिलिमीटर व्यासाचा, आणि एका थरात 24 वेढे बसतील एवढा रुंद. गाड्याचा प्रवास 120 मीटर.

पहिल्या थरात दोराचा मध्य ड्रमच्या मध्यापासून 210 मिलिमीटरवर असतो. पुढचा प्रत्येक थर हे अंतर साधारण एका दोराच्या जाडीने वाढवतो: 230, 250, 270. (खालच्या दोन वेढ्यांमधल्या खाचेत वरचा वेढा नीट बसला तर वाढ थोडी कमी भरते, पण मोटर निवडताना पूर्ण जाडी धरलेली बरी.) पहिल्या थरात सुमारे 32 मीटर दोर मावतो, दुसऱ्यापर्यंत 66, तिसऱ्यापर्यंत 104. प्रवासाचे 120 मीटर, शिवाय ड्रमवर कायम ठेवायचे दोन-तीन वेढे. म्हणजे नौका वर पोचते तेव्हा दोर चौथ्या थरावर असतो.

आता साडेतीन टन ओढीला पहिल्या थरावर ड्रमला 7,350 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, चौथ्या थरावर 9,450. पहिल्या थराचा वेग मिनिटाला 6 मीटर ठेवला तर चौथ्या थरावर तो 7.7 मीटर होतो. ओढ तेवढीच आणि वेग वाढलेला, म्हणजे मोटरला शक्तीही जास्त लागणार. गिअर आणि बेअरिंगमध्ये तीस टक्के वाया जातं असं धरलं तर पहिल्या थराला सुमारे 5 किलोवॅट पुरतात, चौथ्याला 6.4 लागतात. बाजारात 5.5 आणि 7.5 किलोवॅटच्या मोटरी तयार मिळतात. पहिल्या थराचा हिशेब करणारा 5.5 ची मोटर आणतो आणि आपण थोडी शिल्लक ठेवली या समाधानात राहतो. चौथ्या थराला तीच मोटर सतरा टक्के जादा भार ओढत असते.

स्लिपवेवर तर हे आणखी उलटं पडतं. दोर पहिल्या थरावर असतो तेव्हा नौका अजून पाण्यात असते आणि तिचं बरंचसं वजन पाणीच पेलतं. ती जसजशी बाहेर येते तसतसं वजन गाड्यावर उतरतं, आणि नेमका तेव्हाच दोर वरच्या थरांवर चढलेला असतो. म्हणजे पहिल्या थराची ती दिमाखदार ओढ जेव्हा हाताशी असते, तेव्हा तिची गरजच नसते.

सतरा टक्के जादा भाराने मोटर लगेच जळत नाही. ओव्हरलोड रिलेही एवढ्याशा भाराला चटकन पडत नाही, आणि शेवटचे काही मीटर तर पाच मिनिटांच्या आत संपतात. म्हणून वर्षानुवर्षं असं चालतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दुखणं बाहेर पडतं ते दोन प्रसंगी. पहिला, मे महिन्यातल्या दुपारी व्होल्टेज पडतं तेव्हा. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. 415 चे 360 झाले की तिची कमाल ताकद पाऊण उरते. भार तोच, मग मोटर जास्त करंट खेचते आणि तापते. अशा वेळी रिले वारंवार पडतो, आणि मग कुणीतरी स्क्रू ड्रायव्हरने त्याचं सेटिंग वाढवून ठेवतं. पुढच्या हंगामात मोटर रिवाइंडिंगला जाते.

दुसरा प्रसंग अधिक अवघड. चढावर मध्येच थांबावं लागलं, म्हणजे लाकडी ठोकळा सरकला किंवा एखादी चाकाची पट्टी अडकली, तर पुन्हा सुरू करताना उतार आणि थिजलेलं घर्षण दोन्ही एकदम अंगावर येतात, आणि दोर असतो तिसऱ्या-चौथ्या थरावर. करंट कमी ठेवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर बसवलेला असतो. पंपाला तो उत्तम. विंचला मात्र तो अगदी चुकीचा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टारमध्ये मोटरचा सुरुवातीचा टॉर्क एक तृतीयांश होतो. आपल्या उदाहरणात 7.5 किलोवॅटची मोटर घेतली तरी स्टारमध्ये ती चौथ्या थरावरची नौका हलवू शकत नाही. ती नुसती घुमत राहते, गाडा जागचा हलत नाही, आणि स्टार्टर डेल्टावर पडताच दोराला जोराचा हिसका बसतो. म्हणूनच जुन्या विंचवर आणि क्रेनवर स्लिपरिंग मोटर दिसते. तिच्या रोटरला बाहेरून रोध जोडून कमी करंटमध्ये भरपूर सुरुवातीचा टॉर्क मिळवता येतो.

आजकाल उत्तर तयार असतं: व्हीएफडी बसवा. मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलून वेग हवा तसा ठेवणारं हे उपकरण खरोखर उपयोगी आहे. सुरुवात मऊ होते, आणि वरच्या थरावर मोटर थोडी हळू चालवून नौकेचा वेग एकसारखा राखता येतो. पण इथेच एक गैरसमज हमखास होतो. वेग कमी केला म्हणजे किलोवॅट कमी लागणार, मग 5.5 ची मोटर पुरेल, असा हिशेब मांडला जातो. किलोवॅट कमी लागतात हे खरं, टॉर्क मात्र तसूभरही कमी होत नाही. मोटरचं वेटोळं तापतं ते करंटने, आणि करंट जातो टॉर्कच्या मागे. गिअरचं प्रमाण सुमारे 316 ला 1 धरलं तर चौथ्या थराला मोटरच्या शाफ्टवर 43 न्यूटन-मीटर हवेत. 5.5 किलोवॅटची चार पोलची मोटर कायम देऊ शकते साडेछत्तीस. ती हळू फिरवली तरी साडेछत्तीसच, उलट तिचा स्वतःचा पंखा मंदावल्यामुळे थंडावा आणखी कमी.

व्हीएफडी असताना खरी युक्ती गिअरमध्ये आहे. 316 ऐवजी 400 ला 1 चा गिअर घेतला तर चौथ्या थरावर 34 न्यूटन-मीटर पुरतात, आणि वेग 50 हर्ट्झला मिनिटाला 6 मीटर मिळतो. पहिल्या थराला नौका पाण्यात तरंगत असते, भार हलका असतो, तेव्हा मोटर 63 हर्ट्झवर पळवून तोच वेग राखायचा. अशा रीतीने 5.5 ची मोटर चालू शकते, पण काठावर. थिजलेलं घर्षण आणि गंजलेले रूळ लक्षात घेता मी 7.5 चीच घेईन; किमतीतला फरक एका रिवाइंडिंगच्या त्रासापुढे काही नाही.

मोटरला हात न लावता थर कमी करणं हा दुसरा रस्ता. ड्रम दुप्पट रुंद केला की तोच दोर दोन थरांत मावतो, आणि वरचा-खालचा फरक एकोणतीस टक्क्यांवरून दहावर येतो. हायड्रॉलिक मोटरच्या विंचला तर याचा विचार करावाच लागतो. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह ठरावीक दाबाला तेल परत सोडतो, म्हणजे टॉर्कला वरची मर्यादा पक्की. पहिल्या थरावर साडेतीन टन ओढणारा विंच चौथ्यावर 2.7 टनांना अडतो. मोटर जळत नाही, नौका फक्त थांबते.

आपल्या विंचचं काय चाललंय हे पाहायला यंत्रं लागत नाहीत. रुळांशेजारी खडूने पाच-पाच मीटरवर खुणा करा आणि गाडा दोन खुणांमधलं अंतर किती सेकंदात कापतो ते तळाशी आणि माथ्याशी मोजा. पॅनेलवरचा अँमीटरही बघत राहा. थर बदलताना काटा पायरीपायरीने वर जातो. तो पायरी सोडून मधूनच उडत असेल आणि ड्रममधून ठोके ऐकू येत असतील तर वेगळाच रोग आहे. नौका तरंगत असताना पहिला थर सैल गुंडाळला गेला, आणि नंतर जड ओढीचा दोर त्या सैल वेढ्यांच्या मध्ये रुतला. दोर उलगडल्यावर चपटे झालेले पेड दिसतात. यावर उपाय एकच, पहिले वेढे ताणून, हाताने नव्हे तर लीव्हरने शेजारी-शेजारी बसवून घ्यायचे.

ब्रेककडे सगळ्यांत शेवटी लक्ष जातं. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका परत पाण्यात सोडतात, तेव्हा दोर चौथ्या थरावर आणि पूर्ण वजन उतारावर, अशा स्थितीतूनच सुरुवात होते. घर्षणावर भरवसा न ठेवता मोजलं तर ब्रेकला ड्रमवर 6,300 न्यूटन-मीटर धरून ठेवावे लागतात. पहिल्या थराच्या हिशेबाने बसवलेला ब्रेक 4,900 साठी असतो. म्हणून नौका सोडण्याआधी ड्रमच्या कडेवर आणि शेजारच्या चौकटीवर एकाच रेषेत खडूची खूण करावी, गाड्याचे अडसर काढून वजन ब्रेकवर घ्यावं, पण चाकांमागे थोड्या अंतरावर ठोकळे तयार ठेवावेत. दहा मिनिटांत दोन्ही खुणा एकमेकींपासून सरकल्या, तर ब्रेकचे लायनर बदलल्याशिवाय नौका हलवायची नाही.