मे महिन्यात उघडणारी भेग

घाटकोपर पूर्वेला माझ्या खालांचे जुने बैठे घर आहे. दारासमोर दहा फुटांवर जांभळाचे मोठे झाड. दरवर्षी उन्हाळ्यात त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग जाते. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीने मे महिन्यात ती सिमेंटने घट्ट भरली. ऑगस्टमध्ये प्लास्टर फुगले आणि शेजारीच नवी भेग पडली. "झाड तोडून टाका, मुळांनी पाया फोडलाय," असे सगळे म्हणू लागले.

मुळे पाया फोडतात, हे बहुधा खरे नसते. भिंतीच्या सांध्यात उगवलेल्या पिंपळाची गोष्ट वेगळी. तो खरोखरच भिंत फोडतो. जमिनीत वाढलेले झाड मात्र मातीतले पाणी पिते. माती मुरमाची असेल तर काही बिघडत नाही. अंधेरीत गिल्बर्ट हिलचा काळा कातळ उभा आहे. जिथे असा खडक किंवा मुरूम वर आहे, तिथे झाडामुळे पाया खचण्याचा प्रश्न सहसा येत नाही. घाटकोपर, मुलुंडच्या पूर्वेला ठाणे खाडीच्या बाजूने मात्र चिकणमाती आणि भराव आहे. चिकणमाती पाणी धरली की फुगते, सुटले की आकसते. मराठवाडा, सोलापूरकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आपण पाहिल्या आहेत. हा त्याच स्वभावाचा प्रकार. खोलवरची सदा ओली माती आकसत नाही, हालचाल वरच्या काही फुटांत होते. उंच इमारतींचा पाया त्याखाली खडकापर्यंत जातो. दोन-तीन फूट पायाची बैठी घरे मात्र त्या वरच्या थरावरच बसलेली असतात.

मुंबईत पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच. पुढचे आठ महिने जांभूळ पानांतून पाणी सोडत राहते आणि मुळांतून ओढत राहते. झाडाकडची माती आकसली की घराचा तो कोपरा खाली बसतो, भिंतीचा उरलेला भाग जागेवर राहतो आणि मधे तिरकी भेग उघडते. ती वर रुंद, खाली अरुंद असते, बहुधा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी जाते आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते.

मी खालांना भेगेच्या दोन्ही कडांना पेन्सिलीने एकेक खूण करायला सांगितली. त्या खुणांमधले अंतर दर महिन्याला पट्टीने मोजायचे आणि तारखेसह लिहायचे. (खाला सगळा हिशेब रमजानवरून ठेवतात, पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणून या कामाला इंग्रजी महिनेच धरले.) नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत ते अंतर ३ मिलिमीटरने वाढले आणि ऑगस्टअखेर जवळजवळ तेवढेच कमी झाले. भेग असा श्वास घेत असेल तर कारण मातीतले पाणी. पावसाळ्यातही न मिटता ती वाढतच राहिली, तर भराव खचतोय किंवा गटार गळतेय असा संशय घ्यावा. लोखंडी सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग गंजाची असते. ती तर वेगळीच.

माती पारखायला मी शाळेच्या प्रयोगशाळेत एक साधी चाचणी केली. पायाजवळची वाळवून चाळलेली माती, १०-१० ग्रॅम, दोन मोजपात्रांत घेतली. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी रॉकेलमध्ये ती १० मिलिलिटरवर बसली होती, पाण्यात १७ वर. म्हणजे ७० टक्के फुगली. ५० च्या पुढे गेली की सावध व्हावे.

मग झाड तोडायचे का? इथे घाई घातक ठरते. जांभूळ घरापेक्षा जुने आहे. म्हणजे घर बांधले तेव्हा पायाखालची माती आधीच सुकलेली होती. झाड गेले की ती हळूहळू पाणी धरणार आणि पुढची काही वर्षे फुगत कोपरा वर उचलणार. म्हणजे उलट दिशेच्या भेगा. घर आधीचे आणि झाड नंतरचे असते, तर माती फार तर मूळ पातळीवर परतली असती. शिवाय १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या आवारातले झाडही परवानगीशिवाय तोडता किंवा छाटता येत नाही.

खालांनी महापालिकेकडे छाटणीची परवानगी मागितली. पाने कमी झाली की पाणीही कमी ओढले जाते, पण फुटवा येतो, म्हणून दर काही वर्षांनी छाटावे लागते. पायाला लागून चार फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी केली, म्हणजे भिंतीखालची माती एकदम भिजणार वा सुकणार नाही. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र माती मोकळी ठेवली. मोरीचा गळका पाइपही बदलला.

दार अडकू लागले किंवा भेगेत पाच मिलिमीटरचा रूळ शिरू लागला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. तशी वेळ आलेली नाही. या मे महिन्यात वाढ दीड मिलिमीटर होती. भेग अजून भरलेली नाही; आणखी एक उन्हाळा मोजून, हालचाल थांबल्यासारखी वाटली तर पावसानंतर चुन्याच्या मऊ गिलाव्याने भरायची ठरले आहे. खालांनी रंगाऱ्याला तोवर थांबवले आहे.