शून्य-एक-चार

आर्नोल्ड शोएनबर्गची १९०९ मधली ओपस ११ ही पियानोरचना बी, जी शार्प, जी या तीन सुरांनी सुरू होते. पेटीवर वाजवून पाहा. षड्ज कुठला मानावा तेच कळत नाही, आणि षड्जच नसेल तर राग म्हणा, स्केल म्हणा, जुनी कुठलीच ओळख चालत नाही. मग या सुरांमधलं नातं सांगायचं कसं?

त्यासाठी आधी सप्तकं विसरायची. खर्जातला जी आणि तारातला जी एकच धरायचा. याला पिच क्लास म्हणतात. सी म्हणजे ०, तिथून बी म्हणजे ११. आपले तीन सूर झाले ११, ८, ७. घड्याळाच्या तबकडीवर मांडले की ७, ८, ११ असे बसतात. ११ वरून पुन्हा ७ वर यायला आठ घरं लागतात, ही सगळ्यात मोठी मोकळी जागा. ती संपते तिथून, म्हणजे ७ पासून, मोजायचं: ०, १, ४. तबकडी उलटी फिरवूनही मोजायचं आणि ज्यात सूर सुरुवातीला जास्त दाटतील ती मांडणी ठेवायची. इथे सुलट मोजणीच टिकते. हा झाला प्राइम फॉर्म.

आता तिसऱ्या बारमध्ये डाव्या हातात बी फ्लॅट, ए, डी फ्लॅट एकत्र वाजतात. आकडे १०, ९, १. मोजले की पुन्हा ०१४! चाल आणि तिच्याखालची साथ एकाच घडणीची आहेत, हे मला तरी आधी कानाने पकडता आलं नव्हतं.

इंटरव्हल व्हेक्टर सांगतो की संचात कोणती अंतरं किती वेळा येतात. सात घरांचं अंतर उलट बाजूने पाचच असतं, म्हणून १ ते ६ एवढीच अंतरं पुरतात. ०१४ मध्ये १, ३ आणि ४ ही अंतरं एकेकदा येतात, म्हणून व्हेक्टर १०११००. पाचाची जागा रिकामी आहे, म्हणजे या तीन सुरांत षड्ज-पंचमाचं नातं कुठेच नाही. कानाला आधार का मिळत नाही, ते इथे कळतं.

ॲलन फोर्टने १९७३ च्या 'द स्ट्रक्चर ऑफ एटोनल म्युझिक'मध्ये अशा संचांचा तक्ता दिला. पण ही पद्धत उलट मांडणीलाही एकच मानते, त्यामुळे मेजर आणि मायनर कॉर्ड दोन्ही ०३७ ठरतात. एवढा ढळढळीत फरक तिच्यातून निसटतो.

दुसरा धोका निवडीचा. सुरुवातीच्या चालीत पुढे ए, एफ, ई येतात. या सहा सुरांतून तीन-तीनाचे २० गट निघतात आणि त्यांतले चार ०१४ असतात. ई, जी, जी शार्प हा त्यांतलाच एक, पण हे सूर चालीत सलग येत नाहीत. बी, जी शार्प, जी सलग वाजतात; बी फ्लॅट, ए, डी फ्लॅट एकदम. म्हणून मी हेच दोन गट धरते आणि बाकीचे सोडते.