मान काळी नव्हती

वाकोल्याच्या बाजारपेठेतल्या आमच्या लहानशा स्टुडिओत मागच्या हिवाळ्यात एक मुलगी साखरपुड्याचा फोटो घेऊन आली. रोज स्कूटरने वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून अंधेरीला कामाला जाणारी. चेहऱ्याला स्कार्फ आणि वर हेल्मेट, हात मात्र कोपरापासून उघडे, त्यामुळे ते चांगले रापलेले. फोटो काढणाऱ्याने संगणकावर तिचा चेहरा तेवढा उजळवून दिला होता. ती म्हणाली, "दादा, मान कुणा दुसऱ्याची लावल्यासारखी दिसतेय. जुळवून द्या ना. पण हात पांढरे नका करू, हात माझे आहेत."

असं का होतं हे कळायला सोपं आहे. लाइटरूमसारख्या प्रोग्राममध्ये माणूस ओळखून त्याचे भाग वेगळे निवडता येतात: `Face Skin` म्हणजे चेहऱ्याची त्वचा, `Body Skin` म्हणजे बाकीच्या अंगाची. घाईत पहिल्यावरच टिचकी मारली की हनुवटीच्या कडेला सरहद्द आखली जाते. मग बहुतेक जण मान उजळत नेतात, ती चेहऱ्याएवढी दिसेपर्यंत. तसं केलं की मान पिवळट होते आणि हनुवटी गळ्याला चिकटल्यासारखी दिसते. ते का, हे समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि समजलं तेव्हापासून माणसाच्या कातडीकडे मी वेगळ्याच नजरेने बघतो.

आपल्याला वाटतं की रापणं म्हणजे कातडीवर रंगाचा हात बसणं. प्रत्यक्षात तो रंगाचा लेप नसतो, ती गाळणी असते. त्वचेवर पडलेल्या प्रकाशाचा थोडासाच भाग वरच्या वर परत फिरतो. नाकाच्या शेंड्यावरची चमक ती हीच, आणि तिचा रंग दिव्याचा असतो, कातडीचा नव्हे. उरलेला प्रकाश आत शिरतो, मेलॅनिनच्या थरातून खाली रक्ताच्या बारीक जाळ्यापर्यंत जातो, विखुरतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. म्हणजे एकाच गाळणीतून दोनदा गाळला जातो. मेलॅनिन निळा प्रकाश सर्वांत जास्त अडवतं, हिरवा त्याहून कमी, तांबडा सर्वांत कमी. ऊन लागून मेलॅनिन वाढलं की गाळणी दाट होते, आणि निळा रंग आधी कमी होतो. १९९९ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठातल्या नोरिमिची त्सुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गुणाचा उपयोग करून साध्या रंगीत चित्रातून मेलॅनिनचा वाटा आणि रक्ताचा वाटा वेगळे काढून दाखवले होते.

सावली अगदी वेगळी वागते. ती गाळणी नाही. तिथे मुळात प्रकाशच कमी पोहोचतो. त्यामुळे तांबडा, हिरवा, निळा तिन्ही साधारण एकाच प्रमाणात कमी होतात. डोळ्याला दोन्ही 'काळं'च दिसतं, पण आकड्यांना फरक कळतो.

म्हणून मी त्या फोटोत तीन जागा मोजल्या. चमक टाळून, एका ठिपक्याऐवजी आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी धरून. पडद्यावर प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये मोजतात. तांबडा, हिरवा, निळा या क्रमाने गाल निघाला २१४, १६८, १४०. हात १९९, १४९, ११५. मान १७०, १३०, १०४.

मान तिन्ही आकड्यांत हातापेक्षा काळी! स्कार्फखाली झाकलेली मान उघड्या हातापेक्षा जास्त कशी रापेल?

आता हेच आकडे गालाशी ताडून बघा. हातात गालापेक्षा तांबडा ७ टक्के कमी आहे, हिरवा ११, निळा १८. उतार स्पष्ट आहे, हे ऊनच. मानेत तांबडा २१ टक्के कमी, हिरवा २३, निळा २६. मोठी घट आहे, पण जवळजवळ सपाट. म्हणजे त्यातली बरीचशी हनुवटीची सावली. ती सावली तिन्ही रंगांतून सारखीच, साधारण १८ टक्के, भागाकाराने काढून टाकली तर मानेचा स्वतःचा फरक उरतो ३, ६ आणि ९ टक्के. हाताच्या जवळजवळ अर्धा! मान काळी नव्हतीच, ती फक्त सावलीत होती आणि अर्धीच रापलेली होती.

अर्धं रापणं हेही वजाबाकीने निघत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. गाळणीवर गाळणी ठेवली की प्रमाणं एकमेकांना गुणली जातात. पूर्ण टॅनने तांबडा ०.९३ पट होत असेल, तर अर्ध्या टॅनने तो ०.९६४ पट होतो, कारण ०.९६४ ला ०.९६४ ने गुणलं की ०.९३ येतं. हे वर्गमूळ आहे. फोटोशॉपमध्ये गुणाकार करणारा थर असतो, `Multiply`. त्यात एकसारखा रंग भरला की तो चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला गुणतो. मी २४६, २४०, २३१ हा रंग भरला. एकटा पाहिला तर तो फिका, दुधात जरा चहा सांडल्यासारखा दिसतो. या फिक्या रंगात ऊन दडलंय असं कुणाला वाटणारही नाही!

तो थर मी फक्त चेहऱ्यावर लावला. मान आणि हात यांना हात लावला नाही. गाल झाला २०६, १५८, १२७. निळ्याला तांबड्याने भागलं तर आता ०.६२ येतं, मानेचं ०.६१. आधी गालाचं ०.६५ होतं. रंग जुळला आणि हनुवटीखालची सावली जागच्या जागी राहिली, त्यामुळे चेहरा पुढे आणि गळा मागे हे खोलपण टिकलं. हात अजून ०.५८ वर, म्हणजे चेहऱ्यापेक्षा थोडे जास्त रापलेले, जसे ते रोजच्या आयुष्यात आहेत. नाकावरची आणि कपाळावरची चमक मात्र थरातून वगळावी लागते, नाहीतर दिव्याचा पांढरा प्रकाशही पिवळा पडतो. गाल मानेपेक्षा किंचित लालसर राहिले तर राहू द्यावेत. तिथे रक्त वरच्या वर असतं.

हा हिशोब सगळीकडे लागू पडत नाही. तिने त्या दिवशी मेकअप हलकाच केला होता. जाड फाउंडेशन प्रकाश आत जाऊच देत नाही, मग गाळणीचा नियम संपतो आणि डोळ्याच्या अंदाजाने काम करावं लागतं. तिची साडी मोतिया रंगाची होती हेही नशीब. लाल शालू असता तर त्याचा रंग गळ्याखाली उसळून वर आला असता आणि मानेची घट सपाट राहिली नसती. आणि उजळवताना गाल २५५ ला टेकलेले असतील, तर तिथली माहितीच गेलेली असते. मूळ फोटो मागून घेण्यावाचून इलाज नाही.

फोटो मोठा करून हात तपासताना डाव्या मनगटावर एक फिका पट्टा दिसला. फोटोपुरतं घड्याळ काढलं होतं. सहज मोजला: निळा भागिले तांबडा, ०.६५. उजळवलेल्या गालाचा होता तोच आकडा. उजळवणाऱ्याने नकळत तिच्या चेहऱ्याला घड्याळाखालच्या, ऊन न पाहिलेल्या कातडीचा रंग दिला होता.

तिला दाखवलं. ती बराच वेळ पडद्यावरचं मनगट बघत राहिली. "हा पट्टा पुसायचा का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली, "तो राहू दे."